हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात बसणे ही वसुली की जबरदस्ती?

चेंबूरकर

गोवंडी-मानखुर्दच्या बायकांच्या गटांना वित्त कंपन्या एकमेकींच्या हमीवर कर्ज देतात, त्या कर्जांच्या वसुलीवरून चाललेली ओरड मला पटत नाही. सही करून, पैसे मोजून घेतले, मग हप्ता चुकल्यावर माणूस दारात आला तर त्यात जुलूम कसला? चोवीस टक्के व्याज जास्त वाटत असेल तर कर्ज घेऊ नये. वस्तीतल्या सावकारापुढे हे स्वस्तच आहे.

जुना केंद्र अधिकारी

हे वाचून मला गप्प राहवले नाही, कारण मी सहा वर्षे मानखुर्दमध्ये अशाच एका कंपनीसाठी हप्ते गोळा केले आहेत.

आमच्या केंद्राची, म्हणजे कर्ज घेतलेल्या बायकांच्या गटाची, बैठक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेनऊला एका सभासदाच्या घरी भरायची. दहा बाय दहाची खोली, खाली सतरंजी, दहा बायका आणि प्रत्येकीच्या हातात कर्जाचे कार्ड. नऊ जणींचे हप्ते आले आणि दहावी आलीच नाही, तर मी पैसे मोजून बाजूला ठेवायचो, पण बैठक मोडायचो नाही. शिवी नाही, धमकी नाही, आवाज चढवणे नाही. "सगळ्यांचे आल्याशिवाय मला शाखेत जाता येत नाही" एवढेच वाक्य बोलून मी बसून राहायचो. अकरा वाजत आले की धुण्याभांड्यांच्या कामावर जाणाऱ्या बायकांची चुळबुळ सुरू व्हायची, कारण खाडा झाला की पगार कापला जातो. मग दोघी-तिघी उठून त्या दहावीच्या दारात जायच्या आणि जे बोलायचे ते बोलायच्या. एका पावसाळ्यात त्यांनी तिचा गॅसचा सिलिंडर उचलून आणला आणि शेजारच्या घरात ठेवून घेतला. मी तेव्हा सतरंजीवर बसून कार्डे भरत होतो.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आम्हाला पाठ होते. वसुली ठरलेल्या ठिकाणीच करायची. कर्जदार लागोपाठ दोनदा तिथे आली नाही, तरच तिच्या घरी किंवा कामाच्या जागी जायचे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धमकीची भाषा वापरायची नाही, नातेवाइकांना किंवा सहकाऱ्यांना छळायचे नाही. यातला एकही नियम मी मोडला नाही. ठरलेले ठिकाण तिच्या शेजारणीचे घर होते, आणि तिला बोलणारी माणसे कंपनीची नव्हती.

आता हिशेब पाहा. चाळीस हजारांचे कर्ज, चोवीस महिने, घटत्या शिलकीवर चोवीस टक्के, म्हणजे हप्ता २,११५ रुपये. ती आली नाही म्हणून नऊ जणींनी प्रत्येकी २३५ रुपये काढले. तिच्या कार्डावर "हप्ता भरला" अशी नोंद झाली आणि शाखेच्या अहवालात त्या दिवशीची वसुली शंभर टक्के दिसली. पण त्या नऊ जणींच्या २३५ रुपयांचा कागद जगात कुठेही नाही. तुमचा "दारात आलेला माणूस" कंपनीचा असता तर त्याच्याविरुद्ध तक्रार तरी करता आली असती.

चेंबूरकर

सिलिंडर उचलणे चूकच आहे, ते मी नाकारत नाही. पण तो बायकांनी उचलला, कंपनीने नाही. गटात बसताना एकमेकींची जबाबदारी घेतली होती, हे त्यांना माहीत होते. तारण नाही, पगाराची पावती नाही, तरी चाळीस हजार मिळाले, ते गटाच्या भरवशावरच ना? तो भरवसा काढून घ्या, मग बघू कोण कर्ज देते. आंध्रात २०१० मध्ये सरकारने अध्यादेश काढला, वसुली थांबली, त्याबरोबर नवी कर्जेही थांबली आणि गरजू माणूस परत सावकाराच्या ओट्यावर गेला.

कायदेवाचक

एक मुद्दा सगळेच विसरत आहेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनातारण कर्जावर बिगरशेतकऱ्याकडून वर्षाला अठरा टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. मग चोवीस टक्के घेणारी कंपनी गुन्हेगारच ठरते. पोलिसांत तक्रार करा, विषय संपला.

जुना केंद्र अधिकारी

विषय इतक्या सहज संपत नाही. अठरा टक्क्यांची मर्यादा परवानाधारक सावकाराला आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. लहान कर्जांच्या व्याजावर पूर्वी रिझर्व्ह बँकेची मर्यादा होती, तीही २०२२ च्या निर्देशांनी गेली. आता दर कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. मात्र दर अवाजवी असेल तर रिझर्व्ह बँक हात घालू शकते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने चार कंपन्यांना याच कारणाने नवी कर्जे देण्यास मनाई केली होती. पोलीस ठाण्यात मात्र तुमच्या अठरा टक्क्यांचा उपयोग सावकाराविरुद्धच होईल.

कायदेवाचक

ठीक आहे, निकालाचा मुद्दा मान्य करतो. पण मग परवाना काढून कायद्याने धंदा करणाऱ्याला अठरा आणि कोट्यवधींच्या कंपनीला मोकळे रान, हा न्याय कुठला?

पार्कसाइटची लेक

मी विक्रोळी पार्कसाइटला राहते. माझ्या आईची भाजीची गाडी आहे आणि या चर्चेत "सावकारापुढे स्वस्त" हे शब्द वाचून मला राग आला, कारण माझ्या आईला नेमके उलटे वाटायचे. ती रोजच्या वसुलीवाल्याकडून दहा हजार घ्यायची. तो हजार आधीच कापून नऊ हजार हातात द्यायचा आणि रोज संध्याकाळी गाडीवर येऊन शंभर रुपये घेऊन जायचा, असे शंभर दिवस. आई म्हणायची, "याचे दहा टक्के, कंपनीचे चोवीस. मग कंपनीकडे कशाला जाऊ?" ती आठ वर्षे असाच हिशेब करत आली. पावसात गाडी लागली नाही तरी शंभर द्यावेच लागायचे. एकदा तीन दिवस चुकले, तर तो गिऱ्हाइकांसमोर वजनकाटा उचलून घेऊन गेला. आम्ही तक्रार कुठे करणार होतो?

जुना केंद्र अधिकारी

ताई, तुमच्या आईंसारखा हिशेब करणाऱ्या शेकडो बायका मी पाहिल्या आणि त्यांना समजावण्यात मी नेहमी कमी पडलो. हातात नऊ हजार आले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून ते परत जाऊ लागले. पन्नासाव्या दिवशी निम्मे मुद्दल त्याच्याकडे परत गेलेले असते, तरी हजार रुपये पूर्ण रकमेवरच घेतलेले असतात. वर्षाच्या दरात मांडले तर ते सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के होते. आमच्या चाळीस हजारांतूनही प्रक्रिया शुल्क आणि विमा मिळून बाराशेच्या आसपास कापले जायचे, त्यामुळे चोवीसचे खरे सव्वासत्तावीस व्हायचे. कर्जासोबत तपशीलपत्रक मराठीत मिळायला हवे आणि त्यावर हा सगळा खर्च धरून वर्षाचा दर छापलेला असायला हवा. दोन कर्जांची तुलना करायची असेल तर तोच आकडा वाचावा.

चेंबूरकर

म्हणजे अठ्ठ्याहत्तरपुढे सव्वासत्तावीस. मी वेगळे काय म्हणालो होतो?

जुना केंद्र अधिकारी

दराबाबत तुम्ही बरोबर आहात. मला त्या दराचे कधीच फार वाईट वाटले नाही. लहान कर्जाचा हप्ता गोळा करायला जाण्यायेण्याचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो. मला वाईट वाटायचे ते उत्पन्नाच्या रकान्याचे. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसले पाहिजेत, असा नियम आहे. घरात आधीच सात हजारांचे हप्ते असतील तर आमचा २,११५ चा हप्ता बसवण्यासाठी उत्पन्न किमान १८,२३० लागते. नवऱ्याची नाक्यावरची मजुरी आणि तिचे घरकाम धरून खरे उत्पन्न पंधरा भरायचे, आणि आम्ही वीस लिहायचो. तिला कर्ज हवे असायचे, मला महिन्याचे टार्गेट गाठायचे असायचे. त्या पाच हजारांच्या खोट्याची किंमत नंतर त्या नऊ बायका भरत होत्या.

लालबागची भिशीवाली

कंपनी नको आणि सावकारही नको. आमच्या चाळीत वीस जणींची भिशी आहे, प्रत्येकी हजार, ज्या बाईला गरज असेल ती आधी उचलते. एक पैसा व्याज नाही. गरिबाने कर्ज घ्यावेच कशाला?

पार्कसाइटची लेक

तुमची भिशी चिठ्ठीची असेल. आमच्याकडे लिलावाची असते. वीस हजारांच्या भिशीवर जिची गरज मोठी ती चार हजार सोडून सोळा हजार उचलते, आणि ते चार हजार सगळ्यांत वाटले जातात, प्रत्येकीला दोनशे. ते व्याज नाही तर काय आहे? शिवाय आमची भिशी चालवणारी बाई खोली विकून गावाला गेली, आणि माझ्या काकूचे अकरा हप्ते तिच्यासोबत गेले.

लालबागची भिशीवाली

एका चोर बाईवरून सगळ्यांना नावे ठेवू नका. माझ्या सासूच्या काळापासून चालू आहे, कोणाचा रुपया बुडालेला नाही. आणि लिलावाचे चार हजार बायकांतच राहतात, कोण्या कंपनीच्या खिशात जात नाहीत. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर बोलणेच खुंटले.

कायदेवाचक

परवानगीशिवाय चालणारी लिलावाची भिशी १९८२ च्या चिट फंड कायद्यात बसत नाही, हेही लक्षात घ्या.

लालबागची भिशीवाली

तुम्ही अगोदर अठराचा कायदा सांगितलात, तो चुकला. आता आमच्या चाळीत कायदा आणू नका.

जुना केंद्र अधिकारी

भिशीवाल्या ताईंचा फरक खरा आहे, लिलावातले व्याज वाटून परत येते. पण ज्या बाईला पहिल्याच महिन्यात उचलावे लागते, तिची गरज बघूनच बोली वाढते, आणि हप्ता चुकला की तिच्याही दारात शेजारणीच उभ्या राहतात. म्हणून मी म्हणतो की व्याज कुठे जाते यापेक्षा वसुली कोणाच्या तोंडून होते ते पाहावे.

पार्कसाइटची लेक

मला एक विचारायचे आहे. माझी वहिनी अशाच गटात आहे. गेल्या चार बैठकांत तिने दुसरीसाठी पैसे भरले, तेही न विचारता. आता ती बाई देत नाही आणि वहिनी भांडायला तयार नाही. तक्रार कोणाकडे करायची?

जुना केंद्र अधिकारी

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या आणि पोच ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या क्रमांकावर विचारणाही करता येते. बैठकीत थांबवून ठेवले, कामाचा खाडा झाला, तारीख आणि वेळ, हे सगळे त्यात लिहा. मात्र वहिनींनी दिलेल्या पैशांचा पुरावा लोकपाल मागेल, आणि तो कार्डावर नाही. यापुढे दुसरीचे पैसे देताना वहीत रक्कम लिहून त्यावर तिची सही घ्यावी. ती सही देत नसेल तर पैसे देऊ नयेत, मग अधिकारी संध्याकाळपर्यंत बसला तरी चालेल. हे सांगणे सोपे आहे, मला माहीत आहे.

चेंबूरकर

ते सही घेणे योग्य आहे, आणि कार्डावर तसा रकाना कंपनीनेच द्यायला हवा, एवढे मी मान्य करतो. गटाची हमी चूक आहे, हे मात्र मला अजूनही पटलेले नाही. त्या सिलिंडरचे पुढे काय झाले?

जुना केंद्र अधिकारी

चार दिवसांनी परत दिला. तिच्या नवऱ्याने मुकादमाकडून उचल आणून सहाशे रुपये दिले, तेव्हा. उरलेले १,५१५ रुपये त्या नऊ जणींना मिळाले की नाही, हे माझ्याजवळच्या कार्डांवरून कळण्यासारखे नव्हते, आणि मी कधी विचारलेही नाही.