मदत हवी आहे: सायबर सुरक्षेच्या ३८ स्लाइड्सचे रोजचे छोटे मेसेज कसे करायचे?

तुर्भे_नाका
तुर्भ्याला आमची ट्रान्सपोर्ट आणि गोदामाची कंपनी आहे. स्टाफ साधारण १२०, म्हणजे अकाउंट्स, बिलिंग, गोदाम सुपरवायझर आणि ड्रायव्हर. सायबर सुरक्षेचं ३८ स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार आहे, पण सगळ्यांना एका खोलीत बसवणं जमत नाही. म्हणून रोज एक एसएमएस पाठवायचं ठरलंय. पहिला मेसेज असा केला:

"फिशिंग म्हणजे फसव्या ईमेलद्वारे संवेदनशील माहिती मिळवण्याचा प्रयत्न. संशयास्पद लिंकवर क्लिक करू नका, पासवर्ड कोणालाही सांगू नका व सतर्क राहा."

दोघा-तिघांना दाखवला. "बरं" म्हणाले आणि फोन खिशात. काय बदलू? आणि एसएमएस की व्हॉट्सअॅप?

घोडबंदर७
तयार पीपीटी हवी असेल तर सरकारी साइटवर मराठीत बरंच काही मिळतं. शोधा.

तुर्भे_नाका
अहो, पीपीटी आहे. तिचे मेसेज करायचे आहेत.

वागळे_इस्टेट
बल्क एसएमएस घ्या, स्वस्त पडतो. डीएलटीवर, म्हणजे बल्क एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायच्या प्रणालीवर, एकच टेम्पलेट मंजूर करून घ्या, "आजची सूचना:" आणि पुढे व्हेरिएबल, म्हणजे दर वेळी बदलता येणारी जागा. रोज व्हेरिएबलमध्ये नवा मजकूर टाकायचा. शेवटी पूर्ण स्लाइडची लिंक द्या, म्हणजे ज्याला हवं तो वाचेल.

संगणक_मास्तर
वागळे, डीएलटी लागतं हे बरोबर. पण व्हेरिएबलला साधारण ३० अक्षरांची मर्यादा असते आणि जवळजवळ सगळा मजकूर व्हेरिएबल असलेलं टेम्पलेट मंजूर होत नाही. रोज वेगळं वाक्य म्हणजे रोज वेगळं टेम्पलेट. लिंक द्यायची तर तीही आधी नोंदवावी लागते, १ ऑक्टोबर २०२४ पासून. पण लिंक नकोच, आणि त्याचं कारण नियम नाही. "अनोळखी लिंक दाबू नका" हे शिकवणारा मेसेज रोज लिंक दाबायला लावत असेल, तर महिनाभरात बोटाला नेमकी उलटी सवय लागते. शिवाय कोणी तुमच्या मालिकेची नक्कल करून मेसेज पाठवला, तर तो ओळखायचा कशावरून? पहिल्याच दिवशी सांगून टाका, या मालिकेत लिंक, फाईल किंवा ओटीपीची मागणी कधीच येणार नाही. आली तर ती आमची नाही.

आता तुर्भेकर, तुमचा मेसेज. देवनागरी एसएमएसचा एक भाग ७० अक्षरांचा. त्याहून मोठा झाला की प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात आणि बिल तुकड्यांवर लागतं. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. "क्लिक" आपल्याला दोन अक्षरं वाटतात, मोजणीत पाच. तुमचा मजकूर १४१ भरतो. दोन तुकड्यांत १३४ मावले असते. सात जास्त झाले म्हणून तीन तुकड्यांचे पैसे. मोजायला हे वापरा:

```python
s = "इथे मेसेज"
print(len(s.encode("utf-16-le")) // 2)
```

आणि स्लाइड्स श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर कॉपी-पेस्ट करू नका. फोनवर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा उमटतो. युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

पण लांबी ही दुय्यम अडचण. तुमचा मेसेज व्याख्या सांगतो. "सतर्क राहा" म्हणजे हाताने नेमकं काय करायचं? प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारा: कोणाच्या समोर, काय आल्यावर, त्याने काय करायचं? उत्तर नाही त्या स्लाइडचा मेसेज होत नाही. व्हायरसचे प्रकार, कायद्याची कलमं, सायबर हल्ल्यांचा इतिहास, सगळं बाजूला. ३८ मधून कामाच्या दहा-बारा कृती निघाल्या तरी पुष्कळ.

तुर्भे_नाका
मास्तर, एक करून दाखवाल का? अकाउंट्सची स्लाइड अशी आहे: "बिझनेस ईमेल कॉम्प्रमाइज: पुरवठादाराच्या नावाने बनावट मेल, बँक तपशिलात बदल, आर्थिक नुकसान."

संगणक_मास्तर
यातला खरा क्षण कोणता? टायरवाल्याची किंवा डिझेलवाल्याची मेल येते, "आमचं खातं बदललं, यापुढे इथे पाठवा". मेल कधीकधी खऱ्याच पत्त्यावरून येते, कारण त्याचाच मेलबॉक्स फोडलेला असतो. त्यामुळे "पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा" हा सल्ला इथे अपुरा. बचाव एकच, दुसऱ्या वाटेने खात्री. मेसेज:

"खातं बदललं अशी मेल? पैसे थांबवा. जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करा."

६६ अक्षरं, एका भागात बसतं. "जुन्या बिलावरच्या" हे शब्द काढू नका, सगळा जीव तिथे आहे. नुसतं "फोन करा" लिहिलं तर माणूस त्याच मेलखालचा नंबर लावतो आणि भामटाच "हो, बरोबर आहे" म्हणतो.

हा पेमेंटच्या दिवशी सकाळी पाठवा, आणि फक्त अकाउंट्सला. दोन-तीन दिवसांनी तोच मुद्दा प्रश्न म्हणून: मेलमध्ये नवं खातं आणि नवा मोबाइल, दोन्ही आहेत, तुम्ही कोणाला फोन कराल? मग आठ-दहा दिवसांनी वेश बदलून: मेल साहेबांच्या नावाने, "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, लगेच पाठवा". एका स्लाइडचे असे तीन मेसेज होतात. रोज नवा विषय दिला तर मागचा टिकत नाही.

कोपरी_पूल
माझ्या सासूबाईंना "आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला होता. त्यांनी फोन केला, एक अॅप टाकायला सांगितलं, पैसे गेले. आता काय करता येईल?

संगणक_मास्तर
ताई, आधी १९३० ला फोन आणि बँकेला कळवा, मग cybercrime.gov.in वर तक्रार. जितक्या लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. ते अॅप काढून टाकेपर्यंत त्या फोनवर बँकेचं काही उघडू नका. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे हरवेल.

ऐरोली_शिफ्ट
एसएमएसला उत्तर देता येत नाही, नावाच्या हेडरवर रिप्लाय जात नाही. मग प्रश्न विचारून उपयोग काय? व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल टाका, फुकटही आहे.

संगणक_मास्तर
१२० माणसांना मीही व्हॉट्सअॅपच घेईन, फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा ग्रुप. डीएलटीची कटकट नाही, ७० अक्षरांचं बंधन नाही. तरी मी ते बंधन पाळेन, कारण नोटिफिकेशनमध्ये न उघडता सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसतो. पोलचं मात्र जपून. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पहिल्या चार जणांच्या मागे बाकीचे जातात. त्यापेक्षा सुपरवायझरने शिफ्ट सुरू होताना तोंडी विचारावं.

वागळे_इस्टेट
लिंकचं पटलं. पण ड्रायव्हरचं काय? त्यांना ईमेलच नाही.

संगणक_मास्तर
त्यांना चलानच्या नावाने एपीके, म्हणजे फोनवर अॅप बसवणारी फाईल येते. मेसेज: "चलानची .apk फाईल आली? उघडू नका. गाडी नंबर ऑफिसला कळवा." ऑफिसने स्वतः echallan.parivahan.gov.in टाइप करून तपासायचं. "उघडू नका" एवढंच सांगून सोडलं तर दंडाची धास्ती राहते आणि माणूस फाईल उघडतोच.

परिणाम मोजायचा तर किती जणांनी मेसेज वाचला ते सोडा. संशयास्पद मेसेज ऑफिसकडे किती आले ते लिहून ठेवा. सुरुवातीला आकडा वाढला तर चांगलंच. शून्य असेल तर कळवायचं कोणाला हेच लोकांना माहीत नसावं.

ऐरोली_शिफ्ट
मधूनच खोटा फिशिंग मेसेज पाठवून परीक्षा घ्यावी का?

संगणक_मास्तर
मी निदान पहिले दोन महिने नाही घेणार. पकडले जाण्याच्या भीतीने लोक खरी चूकही लपवतात. यावर मतं वेगळी आहेत, कबूल.

तुर्भे_नाका
अकाउंट्सपासून सुरुवात करतो. ड्रायव्हरांत अर्धे उत्तर भारतातले आहेत, त्यांना हिंदीत वेगळा ग्रुप करू की एकाच मेसेजमध्ये दोन्ही भाषा?

वागळे_इस्टेट
वेगळा ग्रुप. दोन भाषा घातल्या की नोटिफिकेशनमध्ये एकीचाच निम्मा दिसेल.

ऐरोली_शिफ्ट
आणि ज्यांना धड वाचता येत नाही त्यांना? व्हॉइस नोट चालेल का?