मदत हवी आहे: आई-बाबांचं वेब चेक-इन, प्रत्येक सीटला पैसे दिसतायत. चेक-इन नाही केलं तर सीटचं काय होतं?

कोपरखैरणेकर_मीनल
आई-बाबा येत्या गुरुवारी मुंबईहून वाराणसीला निघतायत, दोघंच. विमान सकाळी 11:20 चं आहे. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना पॅसेजच्या बाजूची सीट हवी आणि आई शेजारी हवी, एवढीच मागणी आहे. कंपनीच्या ॲपवर सीटचा नकाशा उघडला तर प्रत्येक सीटवर रक्कम. सगळ्यात मागच्या मधल्या सीटलासुद्धा 200 रुपये, पुढे 400 ते 600, आणि इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेला त्याहून जास्त. पैसे द्यायला माझी ना नाही, पण नेमके कशाचे देतोय ते समजून द्यायचेत.

प्रश्न असे:
चेक-इन केलंच नाही आणि थेट काउंटरवर गेले, तर तिथे वेगळे पैसे घेतात का?
सीट विकत घेतली पण वेब चेक-इन राहून गेलं, तर ती सीट जाते का?
परतीच्या वेळी ते वाराणसीत असतील. आईला ॲप वापरता येत नाही, बाबांच्या फोनवर नेट कधी असतं कधी नसतं. तेव्हा काय करायचं?

सुहास_वाशी
काउंटरवर 200 रुपये घेतात माणशी. आमच्याकडून घेतले होते. म्हणून वेब चेक-इन करूनच टाका, सीट नको असेल तर स्किप करा.

ऐरोलीचे_जोशीकाका
सुहास, तुमचा अनुभव खरा आहे, पण जुना असणार. 2020 नंतर काही कंपन्यांनी काउंटरवरच्या चेक-इनला आधी 100, मग 200 रुपये लावले होते. जुलै 2022 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं की काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत, विमान नियम 1937 मध्ये ते बसत नाही. तेव्हा देशातल्या प्रवासात कोणी मागितलेच तर पावती मागा आणि या आदेशाचा उल्लेख करा.

मीनलताई, मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चेक-इन आणि सीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ॲपवर त्या एका पाठोपाठ येतात म्हणून एकच वाटतात. चेक-इन म्हणजे 'मी येतोय' हे कंपनीला कळवणं, ते फुकट आहे. पैसे आहेत ते सीट निवडण्याचे. विकत घेतलेली सीट तुमच्या नावावर असते. वेब चेक-इन राहिलं म्हणून ती जात नाही, काउंटरवर तीच छापून मिळते. ती हातची जाते ती काउंटर बंद झाल्यावर.

आणि इथेच लोक फसतात. देशांतर्गत विमानांना वेब चेक-इन साधारण 48 तास आधी उघडतं आणि 60 मिनिटं आधी बंद होतं. काउंटरही 60 मिनिटं आधीच बंद होतं. म्हणजे 'वेबवर राहिलं, आता काउंटरवर करू' असं शेवटच्या तासात म्हणायला जागाच उरत नाही. 11:20 च्या विमानाला 10:20 ला दोन्ही दारं बंद. टॅक्सी ऐरोली पुलावर अडकली असेल आणि 10:10 वाजले असतील, तर तिथूनच फोनवर चेक-इन करून टाका. बॅगा टाकायच्या असतील तर मात्र तेही पुरत नाही, कारण बॅगेला काउंटर लागतंच.

पनवेलचा_अनिकेत
तिकिटावर BOM आहे की NMI ते आधी बघा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटतात. कोपरखैरण्याहून तेच बरं पडेल, चेक-इनला वेळही कमी लागेल.

कोपरखैरणेकर_मीनल
अनिकेत, BOM आहे, तिकीट आधीच काढलंय. प्रश्न विमानतळाचा नाही, सीटचा आहे.
जोशीकाका, मग स्किप केलं तर दोघांना शेजारी देतील का? आणि इमर्जन्सी दाराजवळ पाय लांब करता येतात, बाबांना तिथे बसवू का? पैसे जास्त पडले तरी चालतील.

ऐरोलीचे_जोशीकाका
इमर्जन्सी दाराजवळची सीट अजिबात घेऊ नका. तिथे बसणाऱ्याने गरज पडल्यास दार उघडायचं असतं, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला तिथून उठवतात. गेट किंवा विमानात हलवलं की मिळते ती सीट उरलेल्यांपैकी, आणि पैसे परत मागायला तुमची बाजू लंगडी पडते.

स्किपबद्दल: दोघं एकाच पीएनआरवर असतील तर सिस्टीम बहुतेक वेळा जवळ बसवायचा प्रयत्न करते, पण मोठ्या माणसांना शेजारीच मिळेल याची खात्री धरू नका. मुलांसाठी मात्र स्पष्ट बंधन आहे. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने सांगितलं की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या एका पालकाशेजारी सीट द्यायची. आई-बाबांना ते लागू होत नाही. त्यांचा पीएनआर एकच आहे ना?

कोपरखैरणेकर_मीनल
नाही. बाबांचं तिकीट मावसभावाने त्याच्या खात्यातून काढलं, आईचं मी नंतर काढलं.

ऐरोलीचे_जोशीकाका
मग सिस्टीमच्या लेखी ते दोघं अनोळखी. स्किप केलंत तर एक सातव्या रांगेत आणि एक सव्वीसाव्या, असं सहज होऊ शकतं. तुमच्या बाबतीत पैसे द्या, पण विचार करून द्या. तीन-तीनच्या विमानात C आणि D पॅसेजच्या, B आणि E मधल्या. बाबांना C आणि आईंना B असं एकाच रांगेत घ्या, दोन्ही पीएनआर शेजारी-शेजारी उघडून. मधली सीट स्वस्त असते. मागच्या रांगांत घेतलीत तर खर्च कमी, पण बाबांना चालावं जास्त लागेल, हे तुम्ही ठरवा.

रेवती_ठाणे
मला उलट अनुभव आहे. काहीच न निवडता काउंटरवर गेले आणि पुढची सीट फुकट मिळाली.

ऐरोलीचे_जोशीकाका
मिळते ना. महागड्या सीट विकल्या गेल्या नाहीत तर शेवटी काउंटरवर त्याच उरतात. पण विमान भरलेलं असेल तर उरतात त्या विखुरलेल्या मधल्या. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली असतील तर ज्यांना सीटच मिळालेली नाही ते आधी अडचणीत येतात. एकट्या माणसाने ही जोखीम घ्यावी, यांनी नको.

डोंबिवलीकर_सई
माझ्या भावाकडून युरोपातल्या एका स्वस्त कंपनीने विमानतळावर चेक-इनचे 55 युरो घेतले. सीट विकत न घेतलेल्यांना तिथे फक्त 24 तास आधी चेक-इन उघडतं, ते फिरण्यात राहून गेलं. तिथे हा आदेश दाखवता येईल का?

ऐरोलीचे_जोशीकाका
नाही, तो भारतापुरता. तिथे ती रक्कम तिकिटाच्या अटींतच लिहिलेली असते.

मीनलताई, परतीचं तुम्ही घरूनच करा. पीएनआर आणि आडनाव असलं की पुरे, ॲप त्यांच्या फोनवर असायची गरज नाही. दोन्ही बोर्डिंग पास व्हॉट्सॲपवर पाठवा आणि हॉटेलात नेट असेल तेव्हाच उघडून फोटो म्हणून सेव्ह करून ठेवायला सांगा. बाबांना लांब चालणं जड जात असेल तर विमानाच्या 48 तास आधी कंपनीला कळवून व्हीलचेअर मागा. मग त्यांना काउंटरवर जावं लागतंच, तेव्हा आईंनाही बरोबर ठेवा.

कोपरखैरणेकर_मीनल
B आणि C मिळाल्या, अकराव्या रांगेत, दोन्ही मिळून 800 रुपये. परतीचं बुधवारी संध्याकाळी 5:40 चं आहे, म्हणजे सोमवारी 5:40 ला उघडेल. व्हीलचेअरला बाबा नाही म्हणतायत. व्हीलचेअर न घेता काउंटरवर नुसतं 'गुडघे दुखतात' सांगून बसने न नेता एरोब्रिजच्या गेटवरून नेतील का, कोणाला माहीत आहे?

सुहास_वाशी
ते गेट कोणतं मिळतं त्यावर. आपल्या हातात नाही बहुतेक.

रेवती_ठाणे
आमच्या सासऱ्यांनी शेवटी घेतली व्हीलचेअर, शिडीऐवजी लिफ्टची गाडी आली होती. बाबांना हे सांगून बघा.