उत्तर: व्हेंडिंग मशीनला किती स्टेट लागतात?

> बाटली १५ रुपयांची, नाणी ५ आणि १० ची. ५+५+५, ५+१०, १०+५ अशा प्रत्येक क्रमाला वेगळी स्टेट हवी का?

नको. स्टेट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, पुढे काय करायचं हे ठरवायला लागते तेवढीच. नाणी कोणत्या क्रमाने पडली हे मशीनला आठवायची गरजच नाही, आतापर्यंत किती जमा झाले एवढं पुरतं. ५+५ नंतर आणि थेट १० नंतर पुढे जे घडू शकतं ते तंतोतंत सारखं आहे, म्हणून ती एकच स्टेट. उरतात तीन: S0, S5 आणि S10, म्हणजे ०, ५ आणि १० रुपये जमा. प्रत्येक चौकटीत आधी पुढची स्टेट, मग मशीन काय देतं ते:

```
स्टेट | ५              | १०                   | रद्द
S0   | S5            | S10                 | S0
S5   | S10           | S0, बाटली            | S0, ५ परत
S10  | S0, बाटली      | S0, बाटली + ५ परत    | S0, १० परत
```

तीन स्टेट, तीन इनपुट, म्हणजे नऊ चौकटी, आणि नऊही भरलेल्या हव्यात. नवशिक्यांची S0 मधली ‘रद्द’ हमखास रिकामी राहते, कारण तिथे काहीच घडत नाही. पण ‘काही घडत नाही’ हेही लिहावंच लागतं: S0 वरून S0.

S15 इथे नाही, कारण बाटली नाणं पडतानाच, म्हणजे ट्रान्झिशनवर दिली आहे (मीली पद्धत). आउटपुट स्टेटला जोडलं (मूर पद्धत), तर बाटली देणारी आणि पैसे परत करणारी अशा वेगळ्या स्टेट वाढतील.