b बदलला की आलेख ‘सरकतो’, ‘झुकतो’ की आणखी काही?

परभणीच्या शिक्षिका

मी अकरावीच्या मुलांसाठी जिओजेब्रा या गणिताच्या संगणक-प्रणालीवर y = ax² + bx + c या वर्गबहुपदीच्या आलेखाचे प्रात्यक्षिक तयार करत आहे आणि एका क्रियापदापाशी अडले आहे. स्लायडरने c बदलला की आलेख वर किंवा खाली सरकतो, याबद्दल वर्गात कोणाचेही दुमत नव्हते. a बदलला की तो रुंद किंवा अरुंद होतो आणि a ऋण झाला की उलटा होतो, हेही मुलांनी आपणहून सांगितले. b चा स्लायडर हलवल्यावर मात्र एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आलेख सरकला”, दुसरीने “झुकला” असे सांगितले आणि मागच्या बाकावरून “डोलला” असे उत्तर आले. तिघेही एकाच पडद्याकडे पाहत होते. कृतिपत्रिकेत ‘b बदलल्यास आलेख …’ या वाक्यापुढे मी कोणते क्रियापद लिहावे?

लातूरचे क्लासवाले

मॅडम, यात अडण्यासारखे काही नाही. b धन असेल तर आलेख डावीकडे सरकतो आणि ऋण असेल तर उजवीकडे सरकतो. आलेख जिथे वळतो त्या शिरोबिंदूचा x-निर्देशक −b/2a असतो, हे त्याचे कारण. आम्ही गेली अनेक वर्षे ‘c वर-खाली, b डावी-उजवी’ असेच पाठ करून घेतो आणि मुलांचे त्यावाचून अडत नाही.

जालन्याचे एक सदस्य

‘स्लायडर’ला मराठी शब्द हवा असेल तर ‘सरकपट्टी’ चालेल असे मला वाटते. आमच्या शाळेच्या संगणक खोलीत मी पट्टीवर तसे लिहूनही ठेवले होते, परंतु मुले ‘स्लायडर’च म्हणतात.

परभणीच्या शिक्षिका

दादा, प्रश्न स्लायडरच्या नावाचा नसून आलेखाच्या हालचालीचा आहे. तरीही ‘सरकपट्टी’ आवडला. लातूरच्या सरांना विचारायचे आहे की, आलेख नुसता डावी-उजवीकडे सरकत असेल तर त्याचा तळ खाली का जातो? माझ्या पडद्यावर तो स्पष्टपणे खाली गेला.

अंबाजोगाईचे निवृत्त शिक्षक

मॅडमचे निरीक्षण बरोबर आहे आणि लातूरच्या सरांचे वाक्य अर्धे बरोबर आहे. आपण हे एकदा करून पाहावे. स्लायडरच्या पायऱ्या मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या नाहीत, कारण हालचाल अखंड दिसली पाहिजे.

```
a = Slider(-5, 5, 0.1)
b = Slider(-5, 5, 0.1)
c = Slider(-5, 5, 0.1)
f(x) = a x^2 + b x + c
V = (-b / (2a), c - b^2 / (4a))
Locus(V, b)
```

a आणि x यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी. ती राहून गेली तर काही आवृत्त्यांमध्ये दोन अक्षरांचे मिळून एकच नाव समजले जाण्याचा धोका असतो.

आता a = 1 आणि c = 3 ठेवून फक्त b हलवा. b = −4 असताना शिरोबिंदू (२, −१) वर असतो. b = −2 झाला की तो (१, २) वर येतो आणि b = 0 ला (०, ३) या सर्वांत उंच जागी पोहोचतो. पुढे b = 2 ला तो (−१, २) वर आणि b = 4 ला (−२, −१) वर उतरतो. म्हणजे b वाढत असताना तो डावीकडे जातो हे खरे, परंतु अर्ध्या वाटेपर्यंत चढतो आणि पुढे उतरतो. शेवटच्या आज्ञेमुळे ही वाट पडद्यावर उमटते आणि ती सरळ रेषा नसून y = 3 − x² हा उलटा आलेख असतो, हे मुलांना स्वतः ओळखू द्यावे. सर्वसाधारणपणे ही वाट y = c − ax² अशी असते.

त्यामुळे ‘सरकतो’ हे क्रियापद चुकीचे नाही, कारण a तोच राहिल्याने आलेखाचा आकार तसूभरही बदलत नाही आणि तो वळतही नाही. अख्खा आलेख एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. चूक आहे ती ‘डावीकडे’ या शब्दात, कारण त्यातून आडव्या सरकण्याचा समज होतो. परीक्षेत y = (x + 2)² आणि y = x² + 4x यांचे आलेख एकच समजणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांची चूक याच समजातून येते.

लातूरचे क्लासवाले

चढ-उताराचा मुद्दा मान्य आहे. तरीही दिशा सांगणारा नियम मुलांना हवाच असतो.

अंबाजोगाईचे निवृत्त शिक्षक

मग तो नियम पूर्ण सांगावा. a = −1 ठेवा आणि b वाढवा; शिरोबिंदू उजवीकडे जाईल. आपल्या पाठांतरात a चे चिन्ह कोठेच येत नाही.

नांदेडच्या ताई

मी ‘झुकतो’ म्हणणाऱ्या मुलीच्या बाजूने बोलते, कारण तिला काहीतरी खरे दिसले आहे. वरच्या रचनेत आणखी तीन ओळी घालाव्यात.

```
P = (1, f(1))
Q = (-1, f(-1))
Tangent(0, f)
```

a = 1, c = 3 असताना P ची उंची 4 + b आणि Q ची उंची 4 − b असते. b वाढवला की P सरळ वर चढतो आणि Q तेवढाच खाली उतरतो. दोघेही डावी-उजवीकडे जराही हलत नाहीत. Y-अक्षावरचा (०, ३) हा बिंदू तर हलतच नाही. मोंढ्यातल्या जुन्या तराजूचा दांडा डोळ्यांसमोर आणावा: मधला काटा जागेवर, एक पारडे वर आणि दुसरे खाली. त्या स्थिर बिंदूपाशी काढलेली स्पर्शिका y = bx + 3 ही असते आणि b म्हणजे तिचा चढ. स्लायडर हलवला की ती रेषा (०, ३) भोवती फिरताना दिसते. जिची नजर शिरोबिंदूऐवजी Y-अक्षावर होती, तिने ‘झुकला’ म्हणावे यात नवल नाही.

अंबाजोगाईचे निवृत्त शिक्षक

ताई, तराजूचा दाखला मला फार पटला, परंतु शब्दाबद्दल एक हरकत आहे. झाड झुकते तेव्हा त्याचा बुंधा तिरका होतो, आणि कडब्याने भरलेली गाडी कलते तेव्हा तिच्या साट्या एका अंगाला जातात. आपल्या आलेखाचा सममिती अक्ष b कितीही बदलला तरी उभाच राहतो. आलेख खरोखर झुकला असता तर त्याची एक बाजू पुरेशी वर गेल्यावर वळून स्वतःवर आली असती आणि एकाच x ला y च्या दोन किमती मिळाल्या असत्या. तसे कधीच होत नाही.

यातली खरी गंमत अशी की, प्रत्येक बिंदूला त्याच्या उभ्या रेषेवर bx एवढे वर-खाली नेले, तरी त्यातून बनणारा नवा आलेख हा जुनाच आलेख उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखा दिसतो. P कडे पाहिले तर तो फक्त उभा हलतो आणि V कडे पाहिले तर तो वळणाच्या वाटेने जातो. याचे कारण असे की, V हे एकाच बिंदूचे नाव नाही. b बदलला की ‘सर्वांत खालचा’ हा मान दुसऱ्या बिंदूकडे जातो. त्यामुळे मुलांना आधी ‘तू कोणत्या बिंदूकडे पाहिलेस?’ असे विचारावे आणि क्रियापद नंतर ठरवावे.

जालन्याचे एक सदस्य

मघाशी प्रश्न समजून घेण्यात माझी चूक झाली, क्षमस्व. माझीही एक अडचण होती. वर्गात a चा स्लायडर हलवताना तो शून्यावर थांबला आणि शिरोबिंदू नाहीसा झाला. मी यंत्र बिघडले असे समजून सगळे बंद केले आणि तास वाया गेला. दुसऱ्या दिवशी a = 0.2 आणि b = 5 ठेवले, तर शिरोबिंदू पुन्हा दिसेना.

अंबाजोगाईचे निवृत्त शिक्षक

यंत्र दोन्ही वेळा बरोबर होते. a = 0 झाला की V च्या सूत्रात शून्याने भागावे लागते, म्हणून बिंदू काढता येत नाही; आलेखही तेव्हा सरळ रेषा झालेला असतो. दुसऱ्या वेळी शिरोबिंदूचा x-निर्देशक −१२.५ झाला आणि तो c पेक्षा ३१.२५ ने खाली गेला, म्हणजे पडद्याच्या बाहेर. बीजगणिताच्या रकान्यात V ची किंमत पाहावी: तेथे आकडे असतील तर बिंदू बाहेर गेला आहे आणि प्रश्नचिन्ह असेल तर तो अस्तित्वातच नाही.

हिंगोलीच्या शिक्षिका

मग a साठी ‘आकार बदलतो’ हे तरी बरोबर आहे का? मला ‘आकार’ या शब्दाचीच शंका आहे. आपण भांड्याचा आकार म्हणतो तेव्हा कधी घडण अभिप्रेत असते आणि कधी लहान-मोठेपणा.

अंबाजोगाईचे निवृत्त शिक्षक

शंका अगदी रास्त आहे. y = x² आणि y = 2x² हे आलेख शेजारी काढले तर दुसरा अरुंद वाटतो. आता दुसरा आलेख दोन्ही अक्षांवर सारखाच, दुपटीने मोठा करून पाहा. तो पहिल्यावर तंतोतंत बसतो. सगळे अन्वस्त, म्हणजे वर्गबहुपदीचे असे आलेख, एकमेकांशी समरूप असतात, जसे सगळे वर्तुळ असतात. म्हणून मी ‘आकारमान बदलते’ असे लिहीन. फक्त अक्षांचे प्रमाण १:१ आहे याची आधी खात्री करावी. X-अक्ष एकटाच ताणला गेला असेल तर a ला हात न लावताही आलेख पसरट दिसतो.

लातूरचे क्लासवाले

गणिताने हे बरोबर असेल, सर, परंतु मुलाला पडद्यावर ‘अरुंद’ दिसते आणि तोंडी परीक्षेत तो तेच सांगणार. ‘आकारमान बदलते’ असे सांगणाऱ्या मुलाला परीक्षक उलट प्रश्न विचारतील. मी ‘रुंद-अरुंद’ सोडणार नाही.

हिंगोलीच्या शिक्षिका

मलाही ‘आकारमान’ पूर्ण पटलेले नाही. अन्वस्ताच्या भुजा संपतच नाहीत, मग त्याचे आकारमान कोणते?

नांदेडच्या ताई

थोडे अवांतर. आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकले होते आणि सहगुणकाला ‘अददी सर’ म्हणत. संख्येचे डोके x च्या पुढे बसते, ही कल्पना मला ‘सहगुणका’पेक्षा चित्रमय वाटते.

परभणीच्या शिक्षिका

सर्वांचे आभार. कृतिपत्रिकेत आता क्रियापदाची जागा रिकामी ठेवून आधी दोन कामे दिली आहेत: ‘b हलवा आणि P कसा हलतो ते लिहा’ व ‘b हलवा आणि V कसा हलतो ते लिहा’. त्याखाली वाक्य असे आहे: ‘a आणि c स्थिर ठेवून b बदलल्यास आलेख न वळता सरकतो; त्याचा शिरोबिंदू y = c − ax² या वाटेने जातो आणि (0, c) मधून आलेख प्रत्येक वेळी जातो.’ a च्या वाक्यात सध्या ‘रुंद-अरुंद दिसतो’ असे लिहिले आहे.

जालन्याचे एक सदस्य

‘सरकतो’ऐवजी ‘घरंगळतो’ कसे वाटेल? ती वाट टेकडीसारखी आहे.

परभणीच्या शिक्षिका

दादा, b ऋण असताना तो वाढवला की शिरोबिंदू टेकडी चढतो. चढावर कोणी घरंगळत नाही.