समकक्ष कार्यालयास लिहिताना 'तात्काळ सादर करावा' म्हणावे का?

टपाल_शाखा: मी एका जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात पत्रव्यवहार पाहते. एका गावात जलकुंभासाठी ग्रामपंचायतीने जागा दिली आहे, परंतु हद्द कायम झाल्याखेरीज ठेकेदारास पायाचे खोदकाम सुरू करता येत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीची फी भरलेली असून तारीख जूनअखेरीची मिळाली आहे, आणि तोवर पाऊस सुरू झालेला असेल. तारीख मे महिन्यात मिळावी म्हणून जे पत्र जायचे आहे, त्याच्या मसुद्यात पुढील वाक्य आहे: 'सदर जागेची हद्दकायम मोजणी तात्काळ करून नकाशाची क प्रत या कार्यालयास सादर करावी.' ते कार्यालय आमच्या अधिपत्याखाली नाही. पत्र अजून गेलेले नाही. यातील कोणते शब्द बदलावेत?

शब्दवेध: सर्वप्रथम 'सादर' बदलावा. कार्यालयीन मराठीत हा शब्द खालून वर जातो: लिपिक टिप्पणी सादर करतो, कनिष्ठ कार्यालय वरिष्ठांस अहवाल सादर करते. स्वतःविषयी 'सादर करीत आहोत' असे लिहिणे नम्रपणाचे ठरते, पण दुसऱ्याने आपल्याकडे 'सादर करावे' असे लिहिले की आपण त्यास कनिष्ठ ठरवतो. समकक्ष कार्यालयासाठी 'पाठवावी' किंवा 'उपलब्ध करून द्यावी' हे सरळ शब्द आहेत.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'करावी' हे रूप घरी बोलताना सौम्य वाटते, पण शासकीय पत्रात तेच आदेशाचे नेहमीचे रूप आहे, आणि त्यापुढे 'ही विनंती' जोडल्याने केवळ शेपूट बदलते. 'मोजणीची तारीख मे महिन्यात मिळावी, अशी विनंती आहे' या वाक्यात मात्र कर्ता तारीख आहे. कोणी काय करावे हे आपण सांगत नाही, आपल्याला काय हवे आहे ते सांगतो. ज्याच्यावर आपला अधिकार नाही त्याला लिहिताना मला हीच रचना योग्य वाटते.

कायदा_आणि_कामकाज: शब्दांपेक्षा कायद्याचा आधार द्यावा. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा महाराष्ट्राचा अधिनियम आहे. त्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि तातडीची फाइल शक्यतो चार दिवसांत निकाली निघावी. पत्राच्या माथ्यावर 'तातडीचे' असा शेरा मारावा आणि या कलमाचा उल्लेख करावा. वाक्यारंभी 'कृपया' घातले की नम्रताही राहते.

निवृत्त_भूकरमापक: वरील माहिती अर्धी बरोबर आहे, आणि तिचा पत्रात उपयोग केल्यास काम बिघडेल. ते दिवस फायलीसाठी आहेत, शेतात जाऊन करावयाच्या मोजणीसाठी नाहीत. शिवाय त्याच कलमात, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणारी प्रकरणे तीन महिन्यांत निकाली काढावीत, असेही म्हटले आहे. म्हणजे दुसऱ्या विभागाला वेळ लागतो, हे कायद्यानेच धरून ठेवले आहे. विलंबाबद्दल कारवाई करावयाची झाल्यास ती त्या कर्मचाऱ्याचे वरिष्ठ करतील, पाणीपुरवठा विभाग करू शकणार नाही. असे असताना कलम दाखवणे म्हणजे हातात नसलेला अधिकार दाखवणे होय.

आता 'तातडीचे' या शब्दाविषयी. भूमी अभिलेख कार्यालयात हा शब्द साधा नाही. मोजणीचे साधी, तातडी, अतितातडी आणि अति-अतितातडी असे प्रकार वर्षानुवर्षे होते आणि प्रत्येकाची फी वेगळी होती. पुढे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले, तरी जुन्या कर्मचाऱ्याच्या मनात तो शब्द फीशी बांधलेला आहे. आपण नियमित मोजणीची फी भरून 'तातडीने मोजणी करावी' असे लिहिले, तर वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो की मग द्रुतगतीची फी का भरली नाही. त्यामुळे प्रथम चलन पाहावे. फी नियमित मोजणीची असेल, तर फरकाची रक्कम भरून प्रकार बदलता येईल का, हे आधी विचारावे.

'तात्काळ' तर मुळीच लिहू नये. लगतच्या खातेदारांना मोजणीची नोटीस आधी द्यावी लागते, त्यामुळे उद्या मोजणी करणे उपअधीक्षकांनी मनात आणले तरी शक्य नसते. जे शक्य नाही ते मागितले की पत्र बाजूला पडते. माझ्याकडे अशी पत्रे येत असत, तेव्हा ज्या पत्रात गट क्रमांक, मोजणी रजिस्टर क्रमांक आणि नेमकी गरज लिहिलेली असे, ते मी तारखांच्या यादीशेजारी ठेवत असे. एखाद्या अर्जदाराने तारीख पुढे ढकलली की मोकळ्या झालेल्या दिवसासाठी आधी तेच पत्र आठवे.

शेतकरी_बार्शी: माझ्या शेताची मोजणी वर्षभर रखडली आहे. मीही असेच पत्र लिहावे का?

निवृत्त_भूकरमापक: आपला प्रश्न वेगळा आहे. आपण अर्जदार आहात, तेव्हा आपल्या अर्जाची स्थिती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. येथे एका कार्यालयाने दुसऱ्यास कसे लिहावे, याविषयी चर्चा चालू आहे.

खरेदी_विभाग: मी खाजगी कारखान्यात आहे, पण अडचण हीच आहे. आमच्याकडून लेखा विभागास 'प्राधान्याने देयक मंजूर करावे' असे जाते. मला 'प्राधान्य' हाच शब्द खटकतो. आपले काम पुढे घ्या म्हणजे दुसऱ्या कोणाचे मागे ठेवा, आणि ते कोणाचे, हे लिहिणारा कधीच सांगत नाही. मी हल्ली 'अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास अमुक माल अडकेल' एवढेच लिहिते आणि क्रम त्यांच्यावर सोडते.

शब्दवेध: कारण आणि तारीख देणे मला मान्य आहे, परंतु 'प्राधान्य' टाळण्याची गरज नाही. 'प्राधान्याने विचार व्हावा' या वाक्यात विचाराची विनंती आहे, निर्णयाची नाही. 'प्राधान्याने करावे' मात्र आदेश होतो.

खरेदी_विभाग: 'विचार व्हावा' असे लिहिलेल्या पत्रांचा आमच्याकडे खरोखरच केवळ विचार होतो. त्यामुळे माझे मत बदललेले नाही.

टपाल_शाखा: चलन पाहिले. फी नियमित मोजणीची आहे, आणि प्रकार बदलता येईल का, याची चौकशी आज केली आहे. पत्राचा नवा मसुदा असा:

'गट क्र. … मधील जलकुंभाच्या जागेची हद्दकायम मोजणी आपल्या कार्यालयाकडे मो.र.क्र. … अन्वये प्रलंबित असून तारीख जूनअखेरीची आहे. पाया पावसाळ्यापूर्वी न भरल्यास काम पावसाळ्यानंतरच सुरू करता येईल. आपल्या नियोजनात मे महिन्यातील एखादी तारीख मोकळी होत असल्यास ती या प्रकरणासाठी मिळावी, अशी विनंती आहे. हद्द दाखविण्यासाठी आमचे शाखा अभियंता व ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी त्या दिवशी जागेवर उपस्थित राहतील. तारीख बदलणे शक्य नसल्यास तसेही कळवावे, म्हणजे ठेकेदारास त्याप्रमाणे सांगता येईल.'

आमच्या कार्यकारी अभियंत्यांना पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना 'माहितीस्तव' द्यावयाची आहे. त्याने मजकुराचा अर्थ बदलेल का?

निवृत्त_भूकरमापक: बदलेल. पहिल्याच पत्राची प्रत वर गेली की विनंतीचा अर्थ तक्रार असा लावला जातो. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जावे, आणि त्यानंतर कार्यकारी अभियंत्यांच्या स्वतःच्या सहीने उपअधीक्षकांच्या नावे अर्धशासकीय पत्र. प्रत देण्याची वेळ त्यापुढची आहे.

कायदा_आणि_कामकाज: याबाबत माझे मत वेगळे आहे. कोणाचे काम आधी, हा दोन विभागांतला प्रश्न आहे आणि तो सोडवू शकणारे वरिष्ठ जिल्हाधिकारीच आहेत, तेव्हा त्यांना मेमध्ये कळले नाही तर जूनमध्ये कळून उपयोग काय? मात्र 'तसेही कळवावे' येथे पुन्हा 'करावे' आलेच आहे.

टपाल_शाखा: ते 'तसे कळल्यास' असे करते. प्रतीविषयी दोन्ही मते कार्यकारी अभियंत्यांपुढे ठेवीन.