अनुभव धागा: 'सिस्टिम' आणि 'इतर फायली'च फोन खाऊन बसल्यात

इंदूरकर_माई: आज राजवाड्याजवळ मोबाईलच्या दुकानात एक काकू विचारत होत्या, फोटो सगळे उडवले तरी फोन भरलेलाच कसा? तेव्हा सासूबाईंचा जुना ६४ जीबीचा फोन आठवला. फोटो-व्हिडिओ ११, अ‍ॅप १२, सिस्टिम १८ आणि इतर फायली १६! तुमच्याकडे कोणी शोधून काढलंय का हे 'इतर' म्हणजे काय ते?

भिया_पलासिया: आईच्या फोनमध्ये सेम. फोन फोटो, गाणी, अ‍ॅप ओळखतो, आणि जे कशातच बसत नाही ते 'इतर'मध्ये ढकलतो. फाइल मॅनेजरमधून `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` इथे गेलो तर `msgstore` नावाच्या आठ फायली, प्रत्येकी १.४ जीबीच्या आसपास, म्हणजे ११ तिथेच! रात्री दोनला बॅकअप होतो ना, त्याच्या मागच्या आठवड्याच्या कॉप्या. तारीख असलेल्या उडवल्या, बिनतारखेची ठेवली, ती सगळ्यात ताजी असते, तिला हात लावू नका.

सुधाकाकू: गणपतीच्या आरतीचे व्हिडिओ जातील का रे त्याने?

भिया_पलासिया: नाही काकू, त्यात फक्त मेसेज असतात, व्हिडिओ `Media` फोल्डरमध्ये. पण खरी गंमत पुढे, आठवड्यात परत सगळं भरलं, कारण रोज नवी कॉपी बनते. जुन्या ग्रुपांचे चॅट साफ केल्याशिवाय मूळ फाइल बारीक होत नाही.

निनाद_बडोदा: सिस्टिम म्हणजे कॅशे हो, कॅशे साफ करा, फोन रिस्टार्ट करा, कमी होतं. माझं झालं.

टेबलफॅन: निनादभाऊ आयफोनवाले दिसताय. तिथे `iOS` वेगळं आणि `System Data` वेगळं, त्या दुसऱ्यात कॅशे नि लॉग असतात म्हणून ते वरखाली होतं. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपचा कॅशे अ‍ॅपच्या खात्यातच मोजतात. शिवाय कंपनी ६४ मोजते हजाराच्या हिशेबाने, १०२४ ने मोजलं की ५९.६ च भरतात, आणि काही फोन ती तूट सिस्टिममध्ये दाखवतात. म्हणजे १८ मधले चारेक जीबी तिथे नाहीतच, साफ काय करणार?

निनाद_बडोदा: हो आयफोनच आहे 😀 लॅपटॉपला जोडल्यावर अजून कमी झालं होतं.

सुधाकाकू: माझ्या फोनमध्ये नातवाने क्लीनर टाकलाय, रोज "बूस्ट" म्हणतो, वर त्याच्याच जाहिराती.

टेबलफॅन: तो पहिले काढा काकू.

इंदूरकर_माई: भिया, पाहिलं आत्ता. सासूबाईंच्या फोनमध्ये त्या फायली जेमतेम ३ जीबीच निघाल्या. मग बाकीचे १३?

भिया_पलासिया: ट्रॅश बघा आधी, गॅलरीचं आणि फाइल मॅनेजरचं वेगवेगळं असतं, आणि उडवलेलं तिथे महिनाभर पडून राहतं. मग डॉट लागलेली फोल्डरं, "लपवलेल्या फायली दाखवा" चालू केल्यावर दिसतात.

सुधाकाकू: माई, मंडळाच्या हळदीकुंकवाचे फोटो पाठव हं, उडवू नकोस!

इंदूरकर_माई: ट्रॅशमध्येच आहेत काकू, थांबा 🙈