अनुभव सांगा : ‘आमच्याच कंपनीत का?’ या रकान्यात तुम्ही काय लिहिलंत?

अर्जात चार-पाच ओळींची जागा असते आणि तिथेच पेन अडतो. यंदा आमच्या तालुक्यातल्या चार पोरींनी एकाच जिनिंगच्या जागेसाठी अर्ज केले आणि चौघींचा हा परिच्छेद जवळपास सारखा निघाला. म्हणून विचारते आहे. लिहिलेलं जसंच्या तसं सांगा, फसलेलंही चालेल. सुरुवात माझ्यापासून.

कास्तकाराची लेक, यवतमाळ जिल्हा

जागा होती क्षेत्र सहायकाची. जाहिरातीत काम लिहिलं होतं : गावोगाव फिरून वेचणीच्या वेळी कापसात कचरा येऊ नये म्हणून बायांना तयार करणं. माझा पहिला परिच्छेद असा होता : ‘आपली नामांकित कंपनी शेतकऱ्यांच्या प्रगतीसाठी अविरत झटते. अशा संस्थेत काम करणे हे माझे स्वप्न आहे.’ मामेभावाने वाचला आणि कंपनीचं नाव खोडून तिथे आमच्या गावच्या बँकेचं नाव टाकलं. वाक्य तसंच उभं राहिलं. मग सोसायटीचं टाकलं, तरी उभं.

मग मी विचार केला, या कंपनीचं असं काय आहे जे मी डोळ्यांनी पाहिलं? दोन हंगाम ते वेचणीआधी सुती झोळ्या वाटतात. मी आईसोबत वेचायला जाते, म्हणजे झोळीचं पुढे काय होतं ते मला माहीत. शेवटी हे पाठवलं :

‘तुमच्या सुती झोळ्या आमच्या गावात दोन हंगाम वाटल्या गेल्या. पहिल्या वर्षी आमच्या 14 बायांच्या टोळीत दिवाळीनंतर निम्म्याच झोळ्या उरल्या, कारण कापड चांगलं म्हणून त्या घरी ज्वारी भरायला गेल्या. दुसरी अडचण संध्याकाळची. मजुरी किलोवर असते आणि मोजायला कापूस खताच्या पोत्यात ओततात, म्हणजे दिवसभर सांभाळलेला कापूस शेवटी प्लास्टिकलाच लागतो. दुसऱ्या वर्षी आम्ही मोजायला जुन्या सुती चादरीचं गाठोडं केलं. हे आमच्या टोळीत जमलं, शेजारच्या गावात जमलं नाही. ते का, हे तुमच्या कामातून शोधायचं आहे म्हणून अर्ज करते.’

मुलाखतीत वीस मिनिटं चादरीवरच गेली.

सूतगिरणीतून निवृत्त, अमरावती

मी अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं बसलो आहे. या परिच्छेदात मला काय दिसलं ते सांगतो. पोत्याचा धागा जिनिंगमध्ये तुटून बारीक होतो आणि सुतात मिसळतो. त्याला रंग धरत नाही. कापड रंगवून आलं की मग पांढरी रेघ दिसते आणि माल परत येतो. त्यामुळे ‘मोजताना पोत्यात ओततात’ हे वाचलं की मी कान टवकारतो, कारण झोळ्या वाटणाऱ्याला हे ठाऊक नसतं. झोळी दिली की काम झालं, असंच ऑफिसात समजतात.

मात्र एक गोष्ट विचारेन. चादर सुतीच होती का, की जुन्या साडीचं गाठोडं होतं? हल्ली घरातल्या जुन्या साड्या बहुतेक सिंथेटिक असतात. त्यांचा धागा निघाला तर पोतं काय अन् साडी काय. मुलाखतीत मी हेच विचारलं असतं. उत्तर येतं की नाही, त्यावरून कळतं की माणूस वावरात होता की कोणाकडून ऐकून आला.

कास्तकाराची लेक

मुलाखतीत त्यांनी विचारलंच! चादर सुतीच होती, दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीसारखी. पण साडीचं मला तोवर सुचलं नव्हतं, ते त्यांनीच सांगितलं. शेजारच्या गावात तीच गोची होती, तिथल्या बायांनी साड्या वापरल्या होत्या.

एमबीए झालो, अकोला

माझा अनुभव वेगळा. कंपनीची वेबसाइट नीट वाचायची. स्थापना कधी, उलाढाल किती, संचालक कोण, नवा प्रकल्प कुठे, हे सगळं परिच्छेदात आलं की अभ्यास दिसतो. मी तसंच लिहिलं आणि मला बोलावलं.

सूतगिरणीतून निवृत्त

बोलावलं असेल, पण त्या परिच्छेदामुळे असं मला वाटत नाही. आमचं स्थापना वर्ष आम्हालाच परत सांगून काय कळतं? तपशील असला म्हणजे नेमकं झालं असं नाही. हां, नव्या प्रकल्पाचं घ्या. तो वाचून ‘मी तिथलं अमुक काम आधी असं केलं आहे’ इथवर आलात, तर तुमचं अर्धं बरोबर आहे. पुढचं अर्धं नेहमी राहून जातं.

वरूडचा

मी तं सरळ लिवलं होतं राजेहो, ‘पगार वेळेवर होत नाही म्हणून जुनी कंपनी सोडली’. त्याईनं विचारलं आमच्याकडं काऊन, म्या सांगितलं तिकडून काऊन निघालो. नाई लागली नोकरी. संत्र्याच्या पॅकिंगची होती, काम सारं येत होतं मले. आता समजते का सवाल दुसराच होता.

मेळघाटाच्या पायथ्याशी

घराजवळ आहे म्हणून, असं लिहिणं चुकीचं आहे का? मी दूध संकलन केंद्राच्या अर्जात लिहिलं होतं : ‘घर केंद्रापासून चालत पाच मिनिटं. सकाळचं संकलन सुरू होण्याआधी मी पोचतो, आणि पावसाळ्यात नाला भरला तरी मी याच बाजूला असतो.’ मला घेतलं. माझ्या मित्राने दुसऱ्या कंपनीत नुसतं ‘घर जवळ आहे’ लिहिलं, त्याला नाही घेतलं. पण तिथे जागा एकच होती आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे त्या ओळीनेच गेलं असं छातीठोक कसं म्हणू?

नाव नको, वर्धा

एक सावधानी. माझा चुलतभाऊ एका कंपनीत होता. त्याने सांगितलं की गोदामात ओला माल दोनदा परत आला होता. मी परिच्छेदात लिहिलं, ‘तुमच्याकडे ओलाव्यामुळे माल परत येतो, मी ते थांबवू शकतो.’ नेमकं तर होतं! मुलाखतीत पहिला प्रश्न : हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी अडखळलो. भावाला नंतर साहेबांनी बोलावून घेतलं. नोकरी त्याची टिकली, पण आमचं बोलणं सहा महिने बंद होतं. मी काय करायला हवं होतं? गेटवर उभं राहिलं तर मालाच्या गाड्या परत येताना कोणालाही दिसतात. तेवढं पाहिलेलं लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं.

सूतगिरणीतून निवृत्त

बरोबर. आणि ‘मी थांबवू शकतो’ हेही जरा पुढचं झालं. कास्तकाराच्या लेकीने ‘शेजारच्या गावात जमलं नाही’ लिहिलं, ते मला जास्त पटलं. फसलेलं लिहिणाऱ्याचं जमलेलंही खरं वाटतं.

गडचिरोलीहून

सगळं ठीक आहे, पण ज्या कंपनीचा माणूस आमच्या गावात कधी आलाच नाही, तिचं मी काय पाहिलं असणार? पुण्याची कंपनी, जागा नागपूरला, अर्ज मोबाइलवर. जाहिरातीत फक्त ‘संगणक ज्ञान आवश्यक’. तिथे नेमकं काय लिहायचं?

कास्तकाराची लेक

मलाही तेच विचारायचं होतं. मी असती तर त्यांचा माल आपल्या तालुक्यात कोणत्या दुकानात येतो ते शोधलं असतं आणि दुकानदाराला विचारलं असतं की गिऱ्हाईक परत काय आणतं. माल न विकणारी कंपनी असेल तर मात्र मलाही सुचत नाही. कोणी तसा अर्ज भरला आहे का?